मदत हवी आहे: मॅन्युअलमधले तास आणि ब्रेकडाउन रजिस्टर जुळत नाहीत, वेळापत्रक कशावर बसवू?

नवा_सुपरवायझर: सीएनसी लेथचं देखभालीचं वेळापत्रक पहिल्यांदाच करतोय. मॅन्युअलप्रमाणे स्पिंडलचा बेल्ट 2500 तासांनी बदलायचा. आमच्या रजिस्टरात तो 1450, 1600 आणि 1520 तासांनी तुटलाय. कूलंट पंप 210, 1900, 640, 95 आणि 1300 तासांनी बंद पडला, आणि त्याचा कालावधी मॅन्युअलमध्ये नाहीच. सरासरी काढून लिहू का? भर कामात मशीन उभं राहिलं की फार जीव तुटतो.

फिटर_काका: सरासरीपेक्षा थोडं अलीकडे धरा. बेल्ट 1300, पंप 650. आम्ही असंच करतो.

जुनी_लेथ: काका, बेल्टचं पटलं, पंपाचं नाही. बेल्टचे तिन्ही आकडे जवळजवळ आहेत, म्हणजे तो झिजून जातोय. तिथे तासांवर बदलण्यात अर्थ आहे. पंपाचे आकडे विखुरलेत. 650 तासांनी बदलला असता तरी पाचांपैकी तीन वेळा तो आधीच बंद पडला असता, आणि उरलेल्या दोन वेळा चांगला पंप फेकला असता. तिथे कारण शोधा. 95 तासांच्या आधी काय केलं होतं, रजिस्टरात बघा.

बेल्टलाही 1300 लिहून गप्प बसू नका. 2500 चा बेल्ट 1500 ला का जातो? काढलेला बेल्ट हातात घ्या. एकच कड खाल्लेली असेल तर पुली एका रेषेत नाहीत. दोन्ही पुलींच्या तोंडावर सरळ पट्टी लावली की कळतं. बाजू काचेसारख्या चकचकीत असतील तर बेल्ट ढिला राहून घसरतोय. आणि हे तास स्पिंडल फिरल्याचे की मशीन चालू असल्याचे? मॅन्युअलमध्ये एक आणि तुमच्याकडे दुसरं असेल तर तुलनाच चुकते.

दोन_शिफ्ट: आमच्याकडे कंप्रेसरचं तेल दर सहा महिन्यांनी बदलतो. बरोबर आहे ना?

जुनी_लेथ: मॅन्युअलमध्ये तास काय दिलेत? समजा 2000 असतील. रोज 16 तास, महिन्याला 25 दिवस धरले तर ते पाच महिन्यांतच भरतात. तास आणि महिने, जे आधी भरेल ते धरा.

नवा_सुपरवायझर: बेल्टची आतली कड झिजून धागे बाहेर आलेत, बाहेरची कड नव्यासारखी. तास स्पिंडलचेच आहेत. पंपाच्या पाचपैकी चार नोंदींत ‘जाम’ लिहिलंय. 95 तासांच्या आधी नवा पंप बसवला, पण टाकीतला गाळ तसाच होता.

जुनी_लेथ: मग वेळापत्रकात पंप बदलणं नको, टाकी साफ करणं आणि जाळी बघणं लिहा. आधी पुली सरळ करा. बेल्ट तोवर 1300 लाच बदला, पुढचा काढाल तेव्हा कडा बघून तास वाढवा.

फिटर_काका: टाकी दर आठवड्याला?

जुनी_लेथ: बिडाचं काम असेल तर आठवडाही जास्त होईल. महिनाभर दर शनिवारी गाळाची उंची मोजून लिहा, मग ठरवू.

नवा_सुपरवायझर: बीड आणि स्टील दोन्ही चालतं. या शनिवारपासून मोजतो.