मदत हवी आहे: पावसाळ्यातला खंड धरून सहा महिने झाले का?

मंडळी, रत्नागिरीजवळ आमचा आंब्याच्या पल्पचा कारखाना आहे, हिशेब मी बघते. जर्मन कंपनीकडून फिलिंग मशीन घेतलं. बसवणीवर देखरेखीसाठी त्यांचा इंजिनिअर १० फेब्रुवारीला आला आणि ५ जूनला परतला, कारण शेडचे पत्रे अजून बसले नव्हते आणि पाऊस सुरू झाला. पुन्हा १ सप्टेंबरला येऊन ५ ऑक्टोबरला त्याने मशीन चालू करून दिलं.

भारत-जर्मनी दुहेरी कर टाळण्याच्या करारात बसवणीचं किंवा तिच्या देखरेखीचं काम सहा महिन्यांपेक्षा जास्त चाललं तर परदेशी कंपनीची इथे कायमस्वरूपी आस्थापना, म्हणजे करपात्र ठिकाण, आहे असं धरतात. हजेरीवहीत त्याचे दिवस जेमतेम पाच महिने भरतात. पण ओईसीडीच्या नमुना कर-करारावरच्या भाष्यात पावसामुळे तात्पुरतं थांबलेलं कामही मुदतीत मोजलं जातं, म्हणजे जवळपास आठ महिने!

फरक मोठा आहे. आस्थापना नसेल तर देखरेखीचं बिल तांत्रिक सेवेत जाऊन एकूण रकमेवर १० टक्के कर. असेल तर या कामाच्या निव्वळ नफ्यावर ३५ टक्के अधिक अधिभार, आणि जर्मनीने दुहेरी करातून सवलत द्यायची. मशीनच्या किमतीतला नफा मात्र माझ्या समजुतीने तिथलाच.

त्यांचं निवासी प्रमाणपत्र आणि फॉर्म १०एफ आलेत, पण "आमची आस्थापना नाही" हे पत्र घेऊन १०च टक्के कापायला मन धजत नाही. कमी कापला तर वसुली आमच्यावर येईल. असा पावसाळी खंड कुणी हाताळलाय का? साइट बंद होती हे दाखवायला कोणते कागद उपयोगी पडले?