अनुभव धागा: विमानातून मोडून आलेली व्हीलचेअर आणि तक्रारीचं पत्र

सुदामानगर, इंदूर

आई ८१ वर्षांची आहे. खुब्याचं हाड मोडल्यापासून घडीच्या व्हीलचेअरवरच असते. फेब्रुवारीत तिला धाकट्या भावाकडून, बेंगळुरूहून इंदूरला आणलं. तिकडे विमानाच्या दारापर्यंत ती स्वतःच्या खुर्चीत गेली. तिथे खुर्चीची घडी करून सामानात द्यायला दिली आणि इंदूरला दारातच परत हवी असं सांगितलं. चिठ्ठीही तशीच बांधली गेली. इंदूरला मात्र दारात विमान कंपनीची खुर्ची उभी होती, आणि आमची आली सामानाच्या बेल्टवर, आडवी, सुटकेसांच्या मधे.

डावी पाय ठेवायची पाटी लोंबत होती. ते लगेच दिसलं म्हणून काउंटरवर नोंद करून त्या नुकसानीच्या नोंदीची, म्हणजे पीआयआरची, प्रत घेतली. जे दिसलं नाही ते जास्त वाईट होतं. घरी सपाट फरशीवर ठेवली तेव्हा तीनच चाकं टेकत होती. उजव्या बाजूच्या पुढच्या छोट्या चाकाचा चिमटा वाकला होता आणि ढकलली की खुर्ची उजवीकडे ओढत होती. न्हाणीच्या उंबऱ्यावर ती डोलली, तेव्हा आईने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले. तेव्हापासून तिला त्या खुर्चीत बसायची भीती वाटते.

पहिलं पत्र मी रागात लिहिलं. दोन पानं, आईचे हाल, काउंटरवरच्या मुलाचं "आंटीजी की चेअर तो पुरानी है" हे वाक्य, सगळं. उत्तर चार ओळींचं आलं: खेद आहे, पण ही वापरातली झीज आहे. मग दुसरं पत्र लिहिलं. मजकूर असा:

> विषय: प्रवासात व्हीलचेअरचं नुकसान, पीआयआर क्रमांक …, बॅगेज टॅग क्रमांक …
>
> १४ फेब्रुवारीला बेंगळुरूच्या विमानाच्या दाराशी माझ्या आईची व्हीलचेअर चालू स्थितीत आपल्या कर्मचाऱ्याकडे दिली. आई त्याच खुर्चीतून दारापर्यंत आली होती. त्या वेळचा फोटो जोडला आहे. त्यात टॅग आणि चारही चाकं दिसतात.
>
> खुर्ची दारात परत देण्याचं टॅगवर लिहिलेलं असूनही ती इंदूरला बेल्टवर आली. डावी पाटी बिजागरीपासून सुटली आहे आणि उजव्या पुढच्या चाकाचा चिमटा वाकला आहे. पाटीची नोंद पीआयआरमध्ये आहे. चिमटा त्याच संध्याकाळी घरी लक्षात आला, त्याची लेखी सूचना हीच समजावी.
>
> दुरुस्तीचा अंदाज: चिमटा २,४०० रुपये, पाटी १,९०० रुपये, मजुरी ५०० रुपये, एकूण ४,८०० रुपये. दुकानाचं कोटेशन जोडलं आहे. दुरुस्ती होईपर्यंत भाड्याची खुर्ची रोज ५० रुपयांनी घेतली आहे. दोन्ही खर्च मिळावेत. आपला निर्णय लेखी कळवावा.

हे पत्र १८ तारखेला गेलं. तुमच्यापैकी कोणाकोणाला असं झालं? पत्रात काय लिहिलंत आणि पुढे काय आलं, ते सांगा.

दांडियाबाजार, वडोदरा

ताई, मी २६ वर्षं विमानतळावर सामान हाताळणाऱ्या एजन्सीत होतो. तुमच्या दुसऱ्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य म्हणजे "आई त्याच खुर्चीतून दारापर्यंत आली". त्यापुढे झिजेचं कारण टिकत नाही. वाकलेल्या जागी नीट पाहा. रंग ताजा उडालेला असेल, आतला धातू चकचकीत असेल आणि गंज नसेल, तर तो मार नवा आहे. त्याचा जवळून फोटो काढून पाठवा. झीज टायरला होते, बेअरिंगला होते, चिमटा झिजून वाकत नाही.

हे का होतं तेही सांगतो. विमानाच्या पोटात जागा बुटकी असते, माणूस गुडघ्यावर बसून सामान लावतो. घडीची खुर्ची उभी नीट राहत नाही, मग आडवी टाकतात आणि वर पेट्या येतात. सगळा भार बाहेर आलेल्या छोट्या चाकावर आणि पाटीवर पडतो. म्हणून पाट्या निघत असतील तर काढून केबिनमध्ये आपल्याबरोबर न्याव्यात.

आणखी एक. खुर्ची देताना एखाद्या टॅगवर सही मागतात. त्यावर बारीक अक्षरात नुकसानीची जबाबदारी नाही असं असू शकतं. बेंगळुरूला तुम्ही सही केली होती का?

रामबाग

माझ्या माहितीप्रमाणे विमानतळाबाहेर पाऊल टाकलं की हक्क संपतो. चिमटा घरी दिसला ना, मग तो धरणार नाहीत. पण पाटीचे २०,००० रुपये कायद्यानेच मिळतात, ते सोडू नका.

दांडियाबाजार, वडोदरा

दोन्ही अर्धं बरोबर आहे, दादा. बाहेर पडायच्या आधी नोंद केली तर वाद कमी होतो, हे खरं. पण खराब झालेल्या सामानाची लेखी तक्रार ते मिळाल्यापासून ७ दिवसांत करता येते. ताईंचं पत्र चौथ्या दिवशी गेलं, म्हणजे मुदतीत आहे. आणि २०,००० ही देशातल्या प्रवासातली कमाल मर्यादा आहे. नुकसान ४,८०० चं असेल तर बोलणं ४,८०० चंच होणार.

लश्कर, ग्वाल्हेर

आमच्या बाबांनाही दिल्लीला व्हीलचेअरसाठी पाऊण तास बसवून ठेवलं. तिकिटात आधी सांगितलेलं होतं तरी! शेवटी मीच हात धरून चालवत नेलं. अशा वेळी कोणाकडे लिहायचं?

सुदामानगर, इंदूर

काका, तुमचा विषय मदतीच्या सेवेचा आहे, आमच्या खुर्चीच्या मोडतोडीचा नाही. तरी रस्ता सारखाच वाटतो: आधी कंपनीचा नोडल अधिकारी, मग अपील अधिकारी, आणि सरकारच्या एअरसेवा या तक्रारींच्या पोर्टलवर नोंद. बाबांना आधी सांगितल्याचा पुरावा मात्र जोडा.

वडोदऱ्याच्या काकांना: हो, सही केली होती. रांगेत मागे माणसं उभी होती, मी वाचलंच नाही.

नारायणबाग

माझ्या मुलाची खुर्ची विजेवर चालणारी आहे. बॅटरी काढून दिली, जॉयस्टिकची वायर पुठ्ठ्यात गुंडाळली, तरी ती मुळापासून उपटून आली. दुरुस्ती ४६,००० रुपये. कंपनीने मर्यादेवर बोट ठेवलं. जास्त किंमत आधी जाहीर करून जादा शुल्क भरायचा मार्ग असतो, तो मला तेव्हा ठाऊकच नव्हता. आता जिल्हा ग्राहक आयोगात आहे. तिकिटाला मोजलेली रक्कम ५ लाखांच्या आत असल्याने फी लागली नाही आणि राहत्या शहरात दाखल करता आला. पण मला पटत नाही ते वेगळंच. कपड्यांच्या बॅगेची मर्यादा माझ्या मुलाच्या पायांना कशी लावता? वकीलबाई म्हणतात, हाच मुद्दा मांडूया. निकाल काय येईल, कोणी सांगू शकत नाही.

दांडियाबाजार, वडोदरा

सही झाली म्हणून घाबरू नका, ताई. हलगर्जीपणाचं उत्तर फक्त त्या सहीने होत नाही, असं माझं मत आहे. पण मी वकील नाही. त्यांनी सही पुढे केली तर दारात द्यायची खुर्ची बेल्टवर कशी आली, हा प्रश्न लेखी विचारा. टॅगचा तुकडा जपून ठेवा, तोच कागद तुमच्या बाजूने बोलतो.

सुदामानगर, इंदूर

काल उत्तर आलं. चकचकीत धातूचा फोटो पाठवल्यावर ४,८०० मान्य झाले. भाड्याचे १८ दिवसांचे ९०० रुपये नाकारले, "अप्रत्यक्ष खर्च" म्हणून. मी त्यांच्या अपील अधिकाऱ्याला लिहिते आहे. आई त्या १८ दिवसांत दुसऱ्या कशावर बसणार होती, एवढंच विचारलं आहे.

खुर्ची दुकानातून आली आहे. चारही चाकं टेकतात. आई अजून उंबऱ्यापाशी थांबते आणि माझा हात मागते.