ऋण उत्तर : 'अग्राह्य' की 'निरर्थक'?

रामबाग (इंदूर): आमच्या शाळेच्या स्मरणिकेसाठी सरांचं एक जुनं पत्र टाइप करतेय. सर आता निवृत्त आहेत. अकरावीतल्या एका मुलीनं विचारलं होतं, "वेळ उणे एक सेकंद आली, मी खोडली, बरोबर ना?" त्याचं हे उत्तर. सरांनी 'अग्राह्य' लिहिलंय, संपादकांनी सोपं म्हणून 'निरर्थक' केलं. मला ते फार खटकतंय. उतारा देते:

«गच्ची १५ मीटर उंच. चेंडू तू सेकंदाला १० मीटर वेगानं वर फेकलास, गुरुत्व त्वरण १० धरलंस. जमिनीवर कधी पडेल? t² − 2t − 3 = 0, म्हणून ३ किंवा −१. ३ ठेवलंस, −१ खोडलंस. पण घड्याळ सुरू होण्याच्या एक सेकंद आधी कुणी जमिनीवरून २० च्या वेगानं चेंडू वर फेकला असता, तर तो नेमका शून्याव्या सेकंदाला गच्चीपाशी पोचला असता, तेही १० च्याच वेगानं. पुढचा प्रवास हुबेहूब तुझ्या चेंडूचा. समीकरणाला तुझा हात दिसत नाही. तुझा चेंडू तोवर हातात होता, म्हणून −१ या प्रश्नाला अग्राह्य. पण त्याला अर्थ आहे.»

आता 'निरर्थक, पण त्याला अर्थ आहे' असं छापायचं का?

लष्कर (ग्वाल्हेर): वेळ ऋण नसतेच. आयताची रुंदी −१२ आली की आम्ही 'त्याज्य' लिहून पुढे जायचो. वेळेलाही तोच नियम. शब्द कुठलाही घ्या, उत्तर खोडायचंच.

मांडवी (बडोदा): काका, रुंदीपुरतं पटलं, वेळेचं नाही. रुंदीला शून्याखाली जागाच नाही. वेळेचा शून्य मात्र आपण ठेवतो. गाडी ताशी ७० नं न थांबता सुरतेकडून येतेय आणि दुपारी १२ वाजता बडोद्यात आहे. त्या क्षणाला शून्य धरा. भरुच साधारण ७० किलोमीटर मागे, तर गाडी तिथे कधी होती? −१ तास, म्हणजे ११ वाजता. इथे ऋण उत्तरच ग्राह्य, कारण शून्याच्या आधीही गाडी त्याच वेगानं धावत होती. सरांच्या चेंडूच्या बाबतीत ते खरं नाही. पारख तेवढीच करायची: शून्याच्या आधी समीकरण लागू होतं का?

लष्कर: गाडीचं मान्य. परीक्षेत मात्र चेंडूच येतो.

राजवाडा (इंदूर): वेळेचं जाऊ द्या, उंचीचं सांगा. माझ्या नातवाच्या तपासणीच्या कागदावर उंचीपुढे −२ लिहिलं होतं. घरात सगळे घाबरलो. उंची ऋण कशी असेल?

मांडवी: मावशी, ती त्याची उंची नव्हे. त्या वयाच्या मुलांच्या मधल्या उंचीपासून तो किती खाली आहे, ते प्रमाणित विचलनाच्या मापात लिहिलेलं असतं. −२ च्याही खाली गेलं तर वाढ खुंटल्याचं धरतात. त्याच्या डॉक्टरांना नीट विचारा.

रामबाग: उंचीवर सरांचा पुढचा परिच्छेद आहे:

«शून्य जमिनीवर ठेवून ३.२ सेकंदांची उंची काढ. −४.२ मीटर येईल. खाली फरशी असेल तर चेंडू ३ सेकंदांनाच आपटला, पुढे हे समीकरण चालत नाही. खाली कोरडी विहीर असेल तर चेंडू खरोखर काठाच्या ४.२ मीटर खाली आहे.»

लष्कर: मग त्याला 'खोली' म्हणा ना! उणे उंची हे मराठीच नव्हे.

मांडवी: खोली म्हटलं की चिन्ह गळतं, आणि बेरीज-वजाबाकीत तेच तर लागतं. केरळातल्या कुट्टनाडची शेतं समुद्रसपाटीच्या खाली आहेत, त्यांची उंची उणेच मांडतात. फार तर 'पातळी' म्हणू.

राजवाडा: आमच्याकडे पातळी विहिरीच्या पाण्याची असते, चेंडूची कशी होईल?

रामबाग: 'अग्राह्य'चं राहूनच गेलं. संपादकांना उद्या कळवायचंय.

मांडवी: भास्कराचार्यांचा आधार द्या. बीजगणितात माकडांच्या कळपाचं उदाहरण आहे: कळपाच्या पाचव्या हिश्शातून तीन वजा करून वर्ग केला तेवढी गुहेत गेली, एक फांदीवर दिसतंय. उत्तरं ५० आणि ५. यातलं ५ हे धनच आहे, तरी त्यांनी ते घेतलं नाही, कारण पाचाचा पाचवा हिस्सा एक, त्यातून तीन गेले की उणे दोन माकडं. त्याला ते 'अनुपपन्न' म्हणतात आणि म्हणून ग्राह्य नाही असं सांगतात. लोकांना ऋण राशी पटत नाही, हे कारणही देतात. म्हणजे सरांचा शब्द १२व्या शतकापासूनचा आहे.

लष्कर: माकडं ठीक, पण 'अनुपपन्न' आज कोण वाचणार? 'इथे लागू नाही' असं सरळ लिहा, मुलांना कळेल.

रामबाग: अर्थ तोच राहतो हे खरं, पण पत्र सरांचं आहे. त्यांचा शब्द बदलायचा तर आधी त्यांनाच विचारते.