20 खुर्च्यांच्या कॅफेला गाण्यांचं लायसन्स: हक्काचे पैसे की लूट?

जळगावचा_कॅफेवाला: स्पॉटिफाय प्रीमियमचे पैसे भरून कॅफेत गाणी लावतो, तरी एका कंपनीची नोटीस आली. एकाच गाण्याचे पैसे दोनदा कशाला? ही लूट आहे असं माझं मत.

धुळ्याचा_भो: लूटच भो. रसवंतीवाल्याला कोण विचारतं? पोलिसांकडून स्पीकरची परवानगी घ्या, विषय संपला.

तापीकाठ: ती परवानगी आवाजाची, गाण्याची नाही. आणि प्रीमियम घरच्या ऐकण्यापुरतं. धंद्यात वापरू नका, हे त्यांच्या अटींतच आहे.

गाण्याला मालक दोन. शब्द आणि चाल यांचे पैसे आयपीआरएस या संस्थेकडे जातात. रेकॉर्डिंग असतं म्युझिक कंपनीचं, आणि त्या कंपनीचं काम पीपीएल, नोव्हेक्स किंवा आरएमपीएल यांपैकी कोणीतरी बघतं. लोक एकच लायसन्स काढून भिंतीला लावतात आणि गाणी मात्र सगळ्यांची वाजवतात; नोटीस येते ती इथे.

म्हणून आधी आपण खरोखर लावतो त्या गाण्यांची यादी करा. अल्बमच्या तळाशी ℗ या खुणेपुढे कंपनीचं नाव असतं. ते कोणाच्या यादीत आहे ते त्यांच्या वेबसाइटवर बघा. बहुतेक गाणी एकाच यादीतली निघाली, तर उरलेली चार काढून टाकणं स्वस्त पडतं.

अमळनेरकर: आमचं मंगल कार्यालय आहे. आम्हालाही हे सगळं काढावं लागेल?

तापीकाठ: तुमचा प्रश्न वेगळा. कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मधली सूट वरातीला आणि लग्नाच्या समारंभाला आहे, हॉलला नाही. त्याच हॉलमध्ये 31 डिसेंबरची पार्टी ठेवली की लायसन्स लागणारच.

धुळ्याचा_भो: पण 2025 मध्ये दिल्ली हायकोर्टानं सांगितलंय ना, पीपीएल नोंदणीकृत संस्था नाही, तिला स्वतःहून लायसन्स देता येत नाही! मग नोटीस फाडा.

तापीकाठ: अर्धंच वाचलंत. त्या निकालातल्या पैसे कोणत्या दरानं घ्यायचे या भागाला सुप्रीम कोर्टानं त्याच महिन्यात स्थगिती दिली. आणि जळगाव-धुळे येतं मुंबई हायकोर्टाखाली. त्या कोर्टानं जानेवारी 2024 मध्ये उलट सांगितलं: हक्क लेखी करारानं विकत घेतले असतील, तर मालक म्हणून लायसन्स देता येतं. वाद मिटलेला नाही, पण फाडू नका. कोणतं गाणं, कोणत्या तारखेला वाजलं आणि हक्क कोणत्या करारानं मिळाले, हे लेखी विचारा. पैसे द्यायचेच तर दुकानाच्या नावाचं, पत्त्यासह जीएसटी बिल घ्या. एजंटच्या हातात रोख देऊ नका.

अमळनेरकर: बहिणाबाईंच्या कविता लावल्या तर? त्या तर 1951 सालीच वारल्या.

तापीकाठ: शब्द मोकळे झालेत. चाल आणि रेकॉर्डिंग अलीकडचं असेल, तर त्यांचे हक्क वेगळे. कोणी कॅफेत बसून नुसत्या म्हटल्या तर काहीच नको. अहिराणी गाण्यांचंही बघा: चॅनेलवाला कुठल्याच यादीत नसेल, तर थेट त्याच्याकडूनच लेखी परवानगी घ्या. शब्द आणि चाल त्याचीच आहे का, तेही त्यात लिहून घ्या.

जळगावचा_कॅफेवाला: नोटिशीत एकाही गाण्याचं नाव नाही, नुसतं ‘आमचा संग्रह’ लिहिलंय.

तापीकाठ: मग पहिला प्रश्न तोच विचारा, रजिस्टर पोस्टानं. तोवर त्यांच्या यादीतली गाणी बंद ठेवा.

धुळ्याचा_भो: विचारा खुशाल. पण 20 खुर्च्यांकडून आणि मॉलकडून सारखीच कागदपत्रं मागणं मला तरी पटत नाही.