रोज एक नवा शब्द शिकून विचार बदलतात? परिपाठातलं भाषण

मूळ पोस्ट (शब्दवेडी): नववीतल्या भाचीने परिपाठात भाषण केलं, रोज एक नवा शब्द शिकला की विचार करायची पद्धतच बदलते. मला पटलं. तुम्हाला?

खडूस_काका: नाही पटलं, आणि जरा सविस्तरच लिहितो कारण हे वाक्य ऐकून कान किटलेत. फळ्यावर 'आजचा शब्द' लिहायचा, मुलांनी वहीत उतरवायचा, आठवड्याने विचारा, निम्म्यांना आठवत नाही. विचार कुठून बदलणार?

हिमकण: पण एस्किमोंकडे बर्फाला शेकडो शब्द आहेत म्हणून त्यांना बर्फ वेगळा दिसतो, हे तर सिद्ध झालंय ना.

निळावंती: ते शेकडो वगैरे फुगवलेलं आहे हो, सोडा ते. खरं उदाहरण रशियन निळ्यावरच्या २००७च्या प्रयोगाचं. रशियनमध्ये फिकट निळा गोलुबोय आणि गडद निळा सिनीय, दोन्हींना मिळून एक शब्दच नाही. वर एक निळा चौकोन, खाली दोन, वरच्यासारखा कुठला ते पटकन सांगायचं. खालचे दोन वेगवेगळ्या नावांचे असले की रशियन लोक जास्त झटपट ओळखायचे, इंग्रजी बोलणाऱ्यांना तसा फायदा नव्हता. पण मनात आकडे घोकत बसायला लावलं की रशियनांचाही फायदा गायब! म्हणजे शब्द मदत करतो, पण तो त्या क्षणी मनात मोकळा असला तर. आणि फरक सेकंदाच्या अंशाचा, शब्दही लहानपणापासून रोज तोंडात असलेला, वहीत उतरवलेला नव्हे.

खडूस_काका: म्हणजे मीच बरोबर. धन्यवाद.

निळावंती: अर्धे. वहीबद्दल बरोबर, शब्दाबद्दल नाही.

आठवी_ब_च्या_बाई: माझ्या वर्गात सगळ्याला एकच, 'टेन्शन'. पेपर अवघड गेला टेन्शन, मैत्रीण बोलत नाही टेन्शन, घरी भांडण टेन्शन. एकीला म्हटलं, भीती वाटते की लाज वाटते ते सांग. बराच वेळ गप्प, मग म्हणाली, "लाज. सगळ्यांसमोर मार्क वाचले म्हणून." मग काय करायचं ते तिला आणि मला दोघींना कळलं. नवा शब्दही नव्हता तो, जुनाच, फक्त वापरला नव्हता.

रोखठोक: मार्क सगळ्यांसमोर वाचतातच कशाला पण??

आठवी_ब_च्या_बाई: मी नव्हते वाचले.

रोखठोक: कुणी का असेना, आधी हे बंद करा मग शब्द शिकवा. आणि ही भाषणं तरी मुलं कुठे लिहितात, आई लिहिते, पोरं घोकतात! आमच्याकडे एकाने "टाळ्यांसाठी थांबणे" हेसुद्धा वाचून दाखवलं.

शब्दवेडी: माझ्या भाचीने स्वतः लिहिलंय.

रोखठोक: असेलही हो. पहिलीच असेल.

खडूस_काका: ठीक आहे, बाईंचं मान्य, नाइलाजाने. पण मग रोज एक कशाला? आठवड्याला एक घ्या आणि तोच भांडताना, चिठ्ठीत, डब्याच्या वेळी वापरून दाखवा.

शब्दवेडी: भाचीला विचारलं, कालचा शब्द काय होता. म्हणाली, मावशी, आत्ता नको, टेन्शन आहे.

रोखठोक: 🤣 पुढचा परिपाठ बाईंनाच द्या.