ऱ्हस्व-दीर्घ तपासायला मदत हवी आहे

शाळेच्या वार्तापत्राचं प्रूफ उद्या प्रेसला जायचंय आणि वेलांट्या-उकारांचा नुसता गोंधळ आहे. शेवटचं अक्षर दीर्घ म्हणून कोणीतरी फाइंड-रिप्लेसने सगळीकडे 'गुरु'चं 'गुरू' करून टाकलं, आता एकटा 'गुरू' बरोबर झाला पण गुरुपौर्णिमा, गुरुवार, गुरुजी सगळ्यांचे उकार लांबलेत!! तिथे रु ऱ्हस्वच हवा ना, समासात मूळ संस्कृत रूप राहतं म्हणून? 'मूलांना', 'फूलांची' ही हातानेच मुलांना, फुलांची करतेय, 'परीक्षेला' मात्र तत्सम म्हणून तसंच ठेवलंय. अडलंय ते सदराच्या नावापाशी, 'विद्यार्थी मनोगत' तोडून लिहिलं तर दीर्घ चालेल की जोडून 'विद्यार्थिमनोगत'च करू? दिसायला विचित्र वाटतं हो. आणि असे जोडशब्द पटकन शोधायची काही युक्ती आहे का?