मिडरेंज चिपसेटवर बीजीएमआय: ६० एफपीएस खरंच टिकतात का?

प्रश्न: स्नॅपड्रॅगन ७७८जी असलेला सेकंडहँड फोन मिळतोय. बीजीएमआय सलग ६० एफपीएसवर चालेल का? शेवटच्या झोनमध्ये अडकायला नको.

पोचिंकीकर: बिनधास्त घे. ग्राफिक्स 'स्मूद', फ्रेम रेट 'एक्स्ट्रीम' ठेव. मी याच चिपवर रोज चार-पाच मॅच खेळतो, मीटरवर सरासरी ५९ दिसते. फ्लॅगशिपवर पैसे उधळायची गरज नाही.

रात्रपाळी: सरासरीवर जाऊ नका हो. ६० एफपीएस म्हणजे दर फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद. आता समजा, एका सेकंदात ५९ फ्रेम १५-१५ मिलिसेकंदांत आल्या आणि एकीला ११५ लागले. मीटर ६०च दाखवणार, पण समोरासमोरच्या फाइटमध्ये तो एक झटका बसला की आपण लॉबीत. आकडा नको, फ्रेमटाइमचा आलेख बघा. रेष सपाट हवी.

आठजीबी: हे सगळं रॅममुळे होतं. ६ जीबीवाला घेऊच नका.

रात्रपाळी: रॅम कमी पडली तर कॉल घेऊन परत येईपर्यंत गेम पहिल्यापासून लोड होतो, हे खरं. पण तिसऱ्या मॅचला हळूहळू ६०वरून ४५वर येणं ही उष्णता. फोन तापला की चिप स्वतःच क्लॉक खाली आणते. रॅम वाढवून ते थांबत नाही.

सांगलीचा_स्नायपर: माझंही तेच होतं! गोळी मारली तरी लागत नाही, पिंग १८० दाखवतो. चिपच बदलावी का?

पोचिंकीकर: दादा, ते नेटवर्क. चिप बदलून पिंग उतरणार नाही. वायफाय बघा आधी.

रात्रपाळी: माझ्या जुन्या मिडरेंज फोनवर मी मे महिन्यात करून पाहिलं होतं. जाड कव्हर, चार्जर लावलेला, ब्राइटनेस पूर्ण: दुसरी मॅच संपेपर्यंत ४०च्या आसपास. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी कव्हर काढलं, चार्जर काढला, ब्राइटनेस निम्मा केला, तर तिसऱ्या मॅचलाही ५५च्या खाली क्वचित गेला. म्हणून विकणाऱ्यासमोर पाच मिनिटं ट्रेनिंग ग्राउंडमध्ये फिरून काही कळत नाही. सलग तीन एरँगेल खेळा, गर्दीत उतरा, धुराचे बॉम्ब फुटताना मीटर बघा.

पोचिंकीकर: म्हणजे नीट वापरला तर चालतोच की! मी तेच म्हणतोय.

रात्रपाळी: पंख्याखाली चालतो. दुपारी एसटीत बसून खेळणाऱ्याला मी हो म्हणणार नाही. त्याने फ्रेम रेट 'अल्ट्रा'वर, म्हणजे ४०वर ठेवावा. खालीवर होणाऱ्या ६०पेक्षा स्थिर ४०वर रिकॉइल हातात बसतो.

पोचिंकीकर: ४०वर क्लोज रेंज? मला नाही पटत. ५० आले तरी मी ६०च ठेवणार.

प्रश्नकर्ता: विकणारा तीन मॅच खेळू देईल का, रविवारी विचारतो. कव्हर काढूनच बघेन.